कफलिंक आधी उलटी करून बघावी

कफलिंकची डबी उघडली की नजर जाते ती पुढच्या चकतीवर. निळा मीना, काळा दगड, कोरलेली आद्याक्षरं, कधी बुद्धिबळातला घोडा. दुकानदारही तिथेच बोट ठेवतो. पण कफलिंक ही दागिना नंतर आहे, आधी ती शर्टाच्या बाहीचा सांधा आहे. हा सांधा सैल असला तर कितीही सुंदर चकती रिसेप्शनच्या गर्दीत कुठेतरी गळून पडते, आणि जोडीतली एक हरवली की दुसरी निरुपयोगी होते. सांध्याचं खरं-खोटं पुढून कळत नाही. म्हणून कफलिंक हातात घेतली की आधी उलटी करावी. मागची बाजू पटली तर मग पुढची बघावी.

त्याच्याही आधी शर्ट बघायला हवा, कारण नेहमीच्या शर्टात कफलिंक बसतच नाही. त्या बाहीला एका टोकाला बटण आणि दुसऱ्या टोकाला काज असतं. कफलिंकला दोन्ही टोकांना काजं लागतात. काही तयार शर्टांना बटणाशेजारी एक जादा काज ठेवलेलं असतं, त्यात वेळ निभावते, पण कफ एकेरीच राहतो आणि बटण आतून डोकावत राहतं. खरा जोड जमतो तो डबल कफशी. त्यालाच फ्रेंच कफ म्हणतात. हा कफ दुप्पट लांब शिवतात, मागे दुमडतात आणि चार काजं एकावर एक आणून त्यातून कफलिंक घालतात. कफची दोन टोकं एकमेकांवर चढत नाहीत, नमस्कारात जोडलेल्या तळव्यांसारखी आतल्या बाजूंनी टेकतात.

शिंप्याकडून असा शर्ट शिवून घेताना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. दुमडल्यावर कफची उंची साडेसहा ते सात सेंटिमीटर पुरते. काज कडेपासून सव्वा ते दीड सेंटिमीटर आत असावं. कफमधलं बकरम मऊ असावं, कारण दुमडलेल्या कफचे चार थर कफलिंकच्या दांडीला पेलायचे असतात. कडक बकरम असेल तर ते थर एकमेकांना ढकलतात, टोकं फाकतात आणि कफलिंक तिरकी बसते. सगळ्यात जास्त चूक होते ती काजांच्या जागेत. कफ उघडा ठेवून मोजून काजं केली की दुमडल्यावर ती दोन-तीन मिलिमीटरनी सरकतात. चांगला शिंपी आधी कफ इस्त्रीने दुमडतो, त्यातून टाचणी आरपार घालतो आणि तिच्या खुणेवर चारही काजं करतो. जाड घड्याळ बांधणाऱ्याने त्या हाताचा कफ एखादा सेंटिमीटर सैल ठेवायला सांगावा, नाहीतर घड्याळ आणि कफलिंक एकाच जागेसाठी भांडत राहतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी सुरू झाला, ते कळलं की वस्तूची घडणही कळते. युरोपात सतराव्या शतकात बाहीची टोकं फितीने बांधत. पुढे फितीच्या जागी दोन छोटी बटणं आली, बारीक कडीने एकमेकांना जोडलेली. इंग्लंडमध्ये जमिनीत सापडणाऱ्या त्या काळच्या चांदीच्या बटणांवर एका मुकुटाखाली दोन हृदयं कोरलेली दिसतात. दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या १६६२ सालच्या विवाहाशी ही बटणं जोडली जातात. याच विवाहाच्या करारात मुंबई बेटं इंग्रजांना आंदण मिळाली. पुढे एकोणिसाव्या शतकात कफ स्टार्चने पुठ्ठ्यासारखे ताठ करण्याची चाल पडली. असा कफ शिवलेल्या बटणावरून वाकवून घालता येत नाही, त्याला मोकळा जोडच लागतो, आणि कफलिंक रोजच्या पेहरावात पक्की झाली.

आता मागची बाजू. बाजारात सर्वात जास्त दिसते ती फिरत्या दांड्याची कफलिंक. चकतीमागे दोन पाय, त्यांच्यामध्ये एक लांबट दांडा. तो उभा केला की काजांतून सरळ जातो, आडवा फिरवला की अडकतो. घालायला सोपी, म्हणून पहिल्या खरेदीला हीच बरी. पण ती तपासून घ्यावी लागते. दांडा फिरवताना दोन्ही टोकांना बोटाला स्पष्ट टिचकी जाणवली पाहिजे. आडवा केल्यावर कफलिंक उलटी धरून जोरात हलवावी, दांडा जागचा हलता कामा नये. ही टिचकी आतल्या बारीक स्प्रिंगमुळे येते, आणि ती स्प्रिंग दमली की दांडा बसल्या बसल्या आपोआप सरळ होतो. कफलिंक हरवण्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच. नंतर चकती आणि पाय यांचा जोड बघावा. तिथे डाक लावलेला आहे की नुसतं चिकटवलंय? चिकटवलेल्या जोडाच्या कडेला बहुधा चकचकीत, पारदर्शक ओघळ दिसतो. घाम आणि परफ्यूम लागून लागून तो सुटतो. शेवटी दोन्ही कफलिंक्स चिमटीत धरून चकती हलक्या हाताने डावी-उजवी करावी. खुळखुळ जाणवली तर तो जोड घेऊ नये.

यापेक्षा मजबूत म्हणजे एकसंध कफलिंक. तिच्यात हलणारा भाग नसतो. पुढे मोठी चकती, मध्ये वाकडी दांडी, मागे छोटी गोळी किंवा लांबट तुकडा. घालताना थोडं झगडावं लागतं, पण बिघडण्यासारखं काही नाही. आणि सर्वात देखणी, सर्वात जुनी पद्धत म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये साखळी. हात कसाही वळला तरी दोन्ही बाजूंनी तयार चेहरा दिसतो, मागचा यांत्रिक भाग कुठे डोकावत नाही. साखळी लवचीक असल्यामुळे कफची टोकंही सैलसर, नैसर्गिक टेकतात. अट एकच, एका बाजूची चकती चारही काजांतून पार जायला हवी. काज पंधरा मिलिमीटरचं आणि चकती सोळाची असेल तर ती जाणारच नाही, आणि रेटून घातली तर काजाचा टाका उसवतो. हे माप दुकानात कुणी सांगत नाही, आपणच शर्ट बरोबर न्यावा.

धातूचं गणितही याच सांध्यापासून सुरू होतं. आपल्याकडे सोनं म्हटलं की बावीस कॅरेट. गळ्यातल्या आणि हातातल्या दागिन्याला ते शोभतं, पण कफलिंकच्या पायांना ते मऊ पडतं. दांडा फिरवून फिरवून त्याचं भोक मोठं होतं, पाय वाकतात. अठरा कॅरेटमध्ये शंभरात पंचाहत्तर भाग सोनं आणि बाकीचे मिश्रधातू, त्यामुळे ते बरंच कणखर. बारा ग्रॅमच्या जोडीत बावीस कॅरेटला अकरा ग्रॅम शुद्ध सोनं असतं आणि अठराला नऊ. म्हणजे अठरा कॅरेटची जोडी स्वस्तही पडते आणि टिकतेही. फिरत्या दांड्यातली स्प्रिंग मात्र सोन्याची किंवा चांदीची करून चालत नाही, त्यांच्यात पुरेसा ताण नसतो. ती बहुधा पोलादाची असते. तेव्हा वजन करताना स्प्रिंग सोन्याच्या भावाने मोजली जात नाही ना, हे सराफाला विचारावं. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

सोन्यावरचा हॉलमार्क ओळखणं अवघड नाही. भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६ किंवा अठराला ७५०, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक असलेला हॉलमार्कच विक्रीला चालतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना मात्र सूट आहे, त्यामुळे एखाद्या बारीक टायपिनवर हॉलमार्क नसला तर लगेच फसवणूक समजू नये. चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही. कफलिंकच्या पाठीवर नुसता ९२५ चा ठसा असेल तर तो बनवणाऱ्याचा दावा आहे, तपासणीचा दाखला नव्हे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिली चांगली जोडी चांदीची असावी, ९२५ ची. शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी आणि साडेसात भाग बहुधा तांबं. शुद्ध चांदी सांध्याला फार मऊ, तांब्याने तिला ताठपणा येतो. चांदीचा पांढरा उजेड थोडा उबदार असतो, कुठल्याही रंगाच्या सूटवर तो जातो, आणि वापराने पडणाऱ्या बारीक चरांनी ती उलट छान दिसायला लागते. तिचा एकच त्रास, ती काळी पडते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळी दमटपणात हे लवकर होतं. लोकरी कापड आणि रबर यांतूनही गंधक सुटतं, म्हणून कफलिंक्सच्या डबीला रबर बँड लावून ठेवणं हे घरच्या घरी चांदी काळी करण्याचं साधन आहे. घट्ट बंद होणारी छोटी प्लास्टिकची पिशवी सर्वात चांगली.

काळी पडलेली साधी चांदी उजळायची युक्ती सोपी आहे. वाटीत ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची, वर कफलिंक ठेवायची, चमचाभर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी ओतायचं. सल्फाइडमधलं गंधक निघून जातं आणि चांदी जागेवर परत येते. घासून काढताना चांदीचा थर झिजतो, इथे तो झिजत नाही. कफलिंक फॉइलला टेकलेली मात्र हवी. पण नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम काळा केलेला रंग असेल तर तोही या पाण्यात निघून जातो, आणि शिंपला, मीना किंवा चिकटवलेला दगड असेल तर गरम पाणी जोडाला घातक. फिरत्या दांड्यातल्या पोलादी स्प्रिंगला पाणी राहिलं तर गंज चढतो. अशा जोड्यांना मऊ कोरडं कापडच पुरे.

बाजारात चांदीसारखं दिसणारं पुष्कळ काही मिळतं. जर्मन सिल्व्हर या नावाने विकल्या जाणाऱ्या धातूत चांदी अजिबात नसते. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. निकेल सोसत नसलेल्या माणसाच्या मनगटाला दांड्याचा भाग घासला की तिथे खाज सुटते. स्वस्त जोड्या बहुतेक पितळेच्या असतात आणि वर ऱ्होडियमचा किंवा सोन्याचा मुलामा. तोही वाईट नाही, फक्त तो कुठे झिजणार हे ठाऊक असावं. आपण टेबलावर हात टेकतो तेव्हा कफलिंकची खालची कड घासते, आणि तिथेच पहिल्यांदा पितळेची पिवळी रेघ दिसायला लागते. जुनी जोडी घेताना हीच कड नखाजवळ धरून बघावी. रोज ऑफिसला घालायची असेल तर मुलाम्यापेक्षा स्टेनलेस स्टील चांगलं. ३१६ एल प्रकारचं स्टील घामाला दाद देत नाही आणि त्याला थर नसल्यामुळे उडायचं काही नसतं. त्याचा रंग चांदीपेक्षा थंड आणि किंचित करडा असतो, स्टीलच्या घड्याळाशी तो चटकन जुळतो.

धातूंचा मेळ घालण्याबद्दल फार नियम सांगितले जातात. मी त्यातला एकच पाळण्याजोगा मानतो. मनगटावर दोन बोटांच्या अंतरात घड्याळ आणि कफलिंक शेजारी येतात, त्या दोघांचा रंग एक असावा. साखरपुड्याची अंगठी कोणत्याही रंगाची असो, तिला हा नियम लागू नाही. ती सोयीसाठी घातलेली नसते. पट्ट्याचं बकल आणि टायची क्लिप जुळली तर उत्तम, न जुळल्याने काही अडत नाही. मात्र एकाच डबीत कफलिंक, टायपिन, रुमाल आणि टाय असा संच भेट देण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मनापासून नापसंत आहे. सगळं एकाच नक्षीचं घातलेला माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो. धातू एक आणि नक्षी वेगळी, इतकं पुरतं.

पुढची चकती निवडताना मापाकडे लक्ष असावं. बारा ते सोळा मिलिमीटर हे बहुतेक मनगटांना साजतं. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ साधारण एक ते दीड सेंटिमीटर बाहेर दिसतो, म्हणजे कफलिंक बराच वेळ अर्धी झाकलेलीच असते. चकती फुगीर आणि जाड असेल तर ती कोटाच्या अस्तरात अडकते, हात वर-खाली करताना बाही वरच राहते आणि काही महिन्यांत अस्तराची कड विरते. कोट शिवून झाल्यावर कफलिंक घेणाऱ्यांनी हे आधी घालून बघावं. दिवसाच्या कार्यक्रमाला, कामाच्या बैठकीला किंवा मुलाखतीला साधी धातूची, अंडाकृती किंवा गोल चकती पुरेशी. रेशमी दोऱ्यांच्या छोट्या गाठीही दिवसा फार छान दिसतात. पॅरिसच्या शार्वे या शर्टवाल्यांनी त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रचारात आणल्या. त्यांना वजन नसतं, त्या कुठे ओरखडा काढत नाहीत, आणि प्रवासात हरवल्या तरी जीव हळहळत नाही. रेजिमेंटचं किंवा संस्थेचं चिन्ह असलेल्या कफलिंक्स मात्र त्या रेजिमेंटच्या किंवा संस्थेच्या माणसानेच घालाव्यात. ते चिन्ह मिळवलेलं असतं, नुसतं आवडलं म्हणून घालायचं नसतं.

बो टाय आणि काळ्या डिनर जॅकेटच्या रात्रीच्या पोशाखात कफलिंकला सोबती मिळतात. त्या शर्टाच्या छातीवर शिवलेल्या बटणांऐवजी सुटे स्टड लावतात आणि ते कफलिंकच्या जोडीचे असतात. काळा ऑनिक्स किंवा पांढरा शिंपला, सोन्याच्या वा चांदीच्या कोंदणात, हे तिथलं नेहमीचं. शिंपल्यावर परफ्यूम थेट मारू नये. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि अशा द्रव्यांनी त्याचं पाणी उतरतं. बो टायवर क्लिप किंवा पिन लावायची नसते, लावायला जागाच नाही. आपल्याकडच्या बंदगळ्यालाही तेच. तिथे टाय नाही, म्हणून पिन नाही, पण आत डबल कफचा शर्ट असेल तर कफलिंक सुंदर दिसते, आणि मग तिचा धातू बंदगळ्याच्या बटणांशी जुळवावा. शेरवानीच्या आत झब्बा असतो, त्याला कफच नसतो. तिथे कफलिंकचा विचार सोडून द्यावा.

टायपिनचं कूळ वेगळं. एकोणिसाव्या शतकात युरोपात गळ्याभोवती रुंद कापडाची घडी बांधत, ती जागेवर राहावी म्हणून लांब टाचणी खुपसत. टाचणीच्या डोक्यावर मोती किंवा खडा. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी टायचं कापड तिरकं कापून तीन तुकड्यांत शिवायची पद्धत काढली आणि आजचा लांब, लवचीक टाय रूढ झाला. अशा तिरक्या रेशमात टाचणी खुपसली की धागे तुटतात आणि टाय ओढला जाईल तसं भोक मोठं होतं. म्हणून चिमटा मारणारी क्लिप पुढे आली. १९६० च्या अमेरिकन निवडणुकीत जॉन केनेडींच्या प्रचारात त्यांच्या युद्धकाळातल्या पीटी १०९ या बोटीच्या आकाराच्या टायक्लिप वाटल्या गेल्या, इतकी ती तोवर घरोघरची झाली होती.

क्लिप चुकते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. ती फक्त टायच्या दोन पट्ट्या पकडते, शर्ट पकडतच नाही. मग टाय क्लिपसकट लोंबकळत राहतो. क्लिपने टायची पुढची पट्टी, मागची पट्टी आणि शर्टाची बटणपट्टी अशा तिन्हींना धरलं पाहिजे. जागा वरून तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये, सरळ आडवी. लांबी टायच्या रुंदीच्या पाऊण हिश्श्याच्या आत. आठ सेंटिमीटरच्या टायला साडेपाच सेंटिमीटरची क्लिप बरोबर, सहाच्या बारीक टायला चार. क्लिप लावल्यावर तिच्या वरचा टाय किंचित उचलून सैल करावा, नाहीतर मान वळवली की शर्ट ओढला जातो. चिमट्याची क्लिप बहुतेक टायना चालते, पण तिच्या आतले दात बोट फिरवून बघावेत. धारदार दातांनी जाळीदार विणीच्या टायचे धागे उपसले जातात. नुसती सरकवायची क्लिप पातळ रेशमावरून घसरते आणि जाड लोकरी टायला घातली तर स्वतःच फाकते. टोचायची छोटी पिन, जिच्या मागे साखळी आणि शर्टाच्या काजात अडकवायची बारीक दांडी असते, ती विणलेल्या टायसाठी राखून ठेवावी. विणीत धाग्यांमधून वाट मिळते, भोक पडत नाही.

माझ्या भाच्याच्या रिसेप्शनसाठी या सगळ्याचा कस लागला. घरात त्याच्या आजोबांच्या झब्ब्याची सोन्याची बटणं होती, बारीक साखळीत ओवलेली चार गोल बटणं. आपल्याकडे जुन्या घरांत असा संच पुष्कळदा सापडतो, आणि झब्बा फारसा कुणी घालत नाही म्हणून तो कपाटात पडून राहतो. चार बटणं म्हणजे दोन चकत्यांच्या साखळीच्या कफलिंक्सची बरोबर एक जोडी. बटणं अकरा मिलिमीटरची, शर्टाची काजं पंधराची, म्हणजे आरपार जायला अडचण नव्हती. एकेक बटण दोन ग्रॅमच्या आसपास भरलं, बावीस कॅरेटचं. इतक्या मापाला वजन कमी वाटलं आणि कारागिराने लगेच ओळखलं, बटणं आतून पोकळ आहेत.

पोकळ बटणाला तसाच डाक लावता येत नाही. उष्णतेने आतली हवा फुगते आणि पत्रा फुटतो. त्यामुळे मागच्या बाजूला, जिथे कडी बसणार होती तिथेच, आधी बारीक भोक पाडावं लागलं. संचातली जुनी साखळी वापरायचा भाच्याचा हट्ट होता. कारागिराने ती चिमट्यात धरून दाखवली. "दादा, ही छातीवर नुसती लोंबायची होती. मनगटावर दिवसभर ओढ बसते, ही तुटेल." मग नव्या कड्या अठरा कॅरेटच्या जाड तारेतून करायचं ठरलं.

साखळी किती लांब ठेवायची, यावर त्याने जी रीत वापरली ती मला फार आवडली. डाक लावण्याआधी त्याने दोन बटणं दुहेरी दोऱ्याने बांधली आणि भाच्याला शर्ट घालायला लावून चारही काजांतून ओवली. पहिल्यांदा दोरा दहा मिलिमीटरचा होता, कफ आवळला जाऊन दुमडलेल्या कडेला सुरकुती आली. पंधराला बटणं खाली लोंबली. साडेबाराला कफची टोकं नीट टेकली आणि बटणं जागेवर राहिली. तोच दोरा कापून त्याने कड्यांचं माप घेतलं. भाच्याने डाव्या हाताचा कफ घड्याळासाठी सैल शिवून घेतला होता. तिथेही तोच दोरा लावून बघितला, फरक पडला नाही, कारण कफचा घेर सैल असला तरी चार थरांची जाडी तीच.

घड्याळ त्याने स्टीलचं काढून ठेवलं आणि वडिलांचं सोनेरी रंगाचं, चामडी पट्ट्याचं जुनं एचएमटी बांधलं. टायसाठी साडेपाच सेंटिमीटरची साधी सोनेरी क्लिपही आणली होती, पण सूट थ्री पीस होता. वेस्टकोट टायला धरूनच ठेवतो, त्याखाली क्लिप दिसतही नाही आणि वर फुगवटा आणते, म्हणून ती डबीतच राहिली. उजव्या हाताची कफलिंक त्याने आधी घातली, कारण ती डाव्या हाताने घालायची असते आणि तेच अवघड. साखळीची कफलिंक एकट्याने घालायला सवय लागते, त्या दिवशी धाकट्या भावाने मदत केली.

काम झाल्यावर आम्ही पावतीवर दोन्ही वजनं वेगळी लिहून घेतली, जुन्या बटणांचं बावीस कॅरेटचं आणि नव्या कड्यांचं अठरा कॅरेटचं. उद्या कुणी ती मोडीत द्यायला नेली तर दोन्हींची शुद्धता वेगळी धरली जाईल, आणि लिहिलेलं नसेल तर सगळ्याच वस्तूला कमी कॅरेटचा भाव लागण्याची शक्यता असते. कारागिराने उरलेली जुनी साखळी वजन करून परत दिली, तिचीही नोंद त्याच पावतीवर आहे.